‘ऑडिट’चे दहा प्रश्न : पिण्याचे गुण कसे मोजतात आणि त्या आकड्याचा अर्थ काय

आजचा विषय तसा एका कागदाचा आहे. एका पानावर मावणारे दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, आणि शेवटी एक बेरीज. दवाखान्यात, व्यसनमुक्ती केंद्रात, कधी कंपनीच्या आरोग्य तपासणीत हा कागद तुमच्या हातात येतो. हल्ली लोक मोबाइलवरही भरून बघतात आणि आम्हाला येऊन विचारतात, “सात आले, म्हणजे पास ना?” किंवा एखादी ताई हळूच विचारते, “त्यांचे एकवीस आलेत, आता काय?” या दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायची तर हा आकडा तयार कसा होतो ते आधी बघायला लागेल. आज आम्ही तेवढंच करणार आहोत.

या प्रश्नावलीचं नाव ‘ऑडिट’. हिशेब तपासणीशी तिचा संबंध नाही. ‘अल्कोहोल यूज डिसऑर्डर्स आयडेंटिफिकेशन टेस्ट’ या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं. जागतिक आरोग्य संघटनेनं ही प्रश्नावली तयार करवून घेतली. त्यासाठी नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, केनिया, बल्गेरिया, मेक्सिको आणि अमेरिका या सहा देशांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या जवळपास १९०० लोकांची माहिती वापरली. सॉन्डर्स, बेबर वगैरे मंडळींचा त्यावरचा मुख्य निबंध १९९३ साली प्रसिद्ध झाला आणि आज जी पुस्तिका सगळीकडे वापरतात ती तिची दुसरी आवृत्ती, २००१ ची.

सहा देश का घेतले, हे लक्षात घ्या. त्याआधीच्या बऱ्याच चाचण्या ‘हा माणूस दारुडा आहे का’ एवढंच विचारायच्या. उदाहरणार्थ ‘केज’ नावाची चार प्रश्नांची चाचणी. कमी करावी असं कधी वाटलं का, लोक बोलले म्हणून राग आला का, अपराधी वाटलं का, सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागली का. दोन ‘हो’ आले की शंका घ्यायची. चाचणी चांगली आहे, पण ती किती पितोस हे विचारतच नाही. शिवाय ‘कधी’ म्हणजे आयुष्यात कधीही. वीस वर्षांपूर्वी सोडलेला माणूस आणि काल रात्री घेतलेला माणूस तिथे सारखेच दिसू शकतात. ऑडिटचा हेतू वेगळा होता. अजून व्यसनापर्यंत न पोचलेला, पण त्या वाटेला लागलेला माणूस वेळेत दिसावा, आणि तो दिल्लीत असो की नैरोबीत, प्रश्न तेच असावेत. म्हणून तिच्यात मागच्या वर्षभराचं विचारतात आणि किती, कितीदा हेही विचारतात.

दहा प्रश्न, तीन गट

आता प्रश्न बघू. ते तीन गटांत मोडतात, आणि आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हे तीन गट लक्षात ठेवा.

पहिला गट पिण्याचा. यात तीन प्रश्न. किती वेळा पिता? ज्या दिवशी पिता त्या दिवशी साधारण किती ड्रिंक्स होतात? आणि एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक्स किती वेळा होतात?

दुसरा गट ताब्याचा. यातही तीन. एकदा सुरू केल्यावर थांबता आलं नाही, असं वर्षभरात किती वेळा झालं? पिण्यामुळे आपलं रोजचं काम, जबाबदारी राहून गेली, असं किती वेळा? आणि आदल्या रात्री भरपूर घेतल्यावर सकाळी सावरायला पुन्हा घ्यावी लागली, असं किती वेळा?

तिसरा गट नुकसानीचा. यात चार. पिऊन झाल्यावर अपराधी वाटलं का? काल रात्री काय झालं ते आठवत नाही, असं झालं का? तुमच्या पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा झाली का? आणि घरचे, मित्र, डॉक्टर यांपैकी कुणी काळजी व्यक्त केली का, कमी करा म्हणाले का?

गुण कसे द्यायचे? पहिल्या प्रश्नाला ‘कधीच नाही’ शून्य, महिन्यातून एकदा किंवा कमी एक, महिन्यातून दोन ते चार वेळा दोन, आठवड्यातून दोन-तीनदा तीन आणि आठवड्यातून चार किंवा जास्त वेळा चार. दुसऱ्या प्रश्नाला एक-दोन ड्रिंक्स शून्य, तीन-चार एक, पाच-सहा दोन, सात ते नऊ तीन, दहा किंवा जास्त चार. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत एकच पट्टी आहे : कधीच नाही शून्य, महिन्याला एकदापेक्षा कमी एक, दर महिन्याला दोन, दर आठवड्याला तीन, रोज किंवा जवळपास रोज चार. शेवटच्या दोन प्रश्नांना तीनच उत्तरं. नाही म्हणजे शून्य, हो पण गेल्या वर्षात नाही म्हणजे दोन, आणि हो, गेल्या वर्षातच, म्हणजे चार.

शेवटच्या दोनमध्ये एक आणि तीन गुण नाहीतच, हे बघा. एकदम चारची उडी आहे. बायको एकदाच बोलली की चार. पुष्कळांना हे अन्यायाचं वाटतं. पण त्यामागे विचार आहे. घरातलं माणूस बोलतं तेव्हा सहसा ते पहिल्या दिवशी बोलत नाही. बऱ्याच दिवसांचं साठलेलं असतं.

सगळ्यांची बेरीज जास्तीत जास्त ४०.

ड्रिंक म्हणजे किती?

सगळा घोळ होतो तो दुसऱ्या प्रश्नात. ‘साधारण किती ड्रिंक्स?’ आपल्याकडे कुणी ड्रिंक मोजत नाही. कुणी पेग मोजतो, कुणी ग्लास, कुणी बाटली, आणि बरेच जण ‘क्वार्टर’ मोजतात. प्रश्नावलीत मात्र एक ड्रिंक म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. त्याला आपण ‘माप’ म्हणू. हिशेब सोपा आहे. जितके मिलिलिटर घेतले, त्याला बाटलीवर छापलेल्या टक्केवारीनं गुणायचं आणि मग ०.७९ नं गुणायचं, कारण एक मिलिलिटर मद्यार्काचं वजन ०.७९ ग्रॅम असतं.

आपल्याकडच्या व्हिस्की, रम, ब्रँडीच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ३० मिलिलिटरचा स्मॉल पेग घेतला तर ३० × ०.४२८ × ०.७९, म्हणजे १० ग्रॅम. एक माप. ६० चा लार्ज म्हणजे दोन मापं. आणि १८० ची क्वार्टर? सहा मापं.

बिअरचं काय? ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ असं म्हणणारे अनेक भेटतात. ६५० मिलिलिटरची बाटली, ५ टक्क्यांची असेल तर साधारण २६ ग्रॅम, अडीच मापं. तीच स्ट्राँग, ८ टक्क्यांची असेल तर ४१ ग्रॅम. म्हणजे एका स्ट्राँग बिअरमध्ये चार स्मॉल पेग आले. देशी दारूच्या बाटलीवरही टक्केवारी छापलेली असते, ती वाचून असाच हिशेब करायचा. हातभट्टीला लेबल नसतं, तिथे फक्त अंदाज, आणि तो अंदाज आहे असं कागदावर लिहून ठेवायचं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, जो माणूस एका संध्याकाळी एक क्वार्टर संपवतो, तो तिसऱ्या प्रश्नाच्या ‘सहा किंवा जास्त’ या रेषेवर त्याच संध्याकाळी पोचलेला असतो. त्याला स्वतःला मात्र ‘एक क्वार्टर’ हे एकच वाटतं. दोन, इंटरनेटवर मिळणारा फॉर्म कुठल्या देशाचा आहे ते बघायला हवं. अमेरिकेत एक ड्रिंक १४ ग्रॅमचं धरतात, ब्रिटनमधलं युनिट ८ ग्रॅमचं. १४ च्या हिशेबात तीच क्वार्टर चार ड्रिंक्सच्या थोडी वर जाते आणि गुण घसरतात. माणूस तोच, बाटली तीच. म्हणून मूळ पुस्तिकेतच सांगितलंय की त्या त्या देशातल्या पेयांप्रमाणे हा प्रश्न जुळवून घ्या.

एक उदाहरण सोडवून बघू

समजा, एक गृहस्थ आहेत. त्यांना दत्ताभाऊ म्हणू. वय ४२, कारखान्यात सुपरवायझर. पोट दुखतं म्हणून आले आणि डॉक्टरांनी हा कागद पुढे केला.

“किती वेळा घेता?” “शनिवार-रविवार फक्त.” आठवड्यातून दोनदा, म्हणजे तीन गुण. “त्या दिवशी किती?” “दोन पेग.” शून्य. “सहाच्या वर कधी?” “छे, लग्नाकार्यात एखाद्या वेळेस.” एक. “थांबता येत नाही असं?” “नाही.” शून्य. “काम राहिलं?” “एक-दोनदा सोमवारी खाडा झाला.” एक. “सकाळी घ्यावी लागते?” “नाही हो.” शून्य. “नंतर वाईट वाटतं?” “कधीतरी.” एक. “आठवत नाही असं?” “नाही.” “कुणाला इजा?” “नाही.” “घरचं कुणी बोललं?” “घरचे काय, बोलतच असतात.” हे उत्तर हसण्यावारी नेलं आणि शून्य लिहिलं.

बेरीज सहा. पहिला पट्टा. दत्ताभाऊ खूश.

आता तेच पुन्हा, पण जरा थांबून. “भाऊ, आणता काय?” “क्वार्टर.” “शनिवारची रविवारी उरते?” “उरते कसली? शनिवारी एक, रविवारी एक.” मग ते दोन पेग किती मोठे होते? घरच्या ग्लासात अर्धी-अर्धी क्वार्टर ओतली की दोनच पेग होतात, माणूस खोटं बोलत नसतो. पण मापं सहा झाली. दुसऱ्या प्रश्नाला आता दोन गुण. तिसऱ्याला, दर आठवड्याला सहा, म्हणून तीन. आणि “घरचे काय बोलतात?” असं नीट विचारल्यावर कळतं की यंदा दिवाळीच्या आधी वहिनींनी स्पष्ट सांगितलं होतं, मुलं मोठी होतायत, आता कमी करा. दहाव्या प्रश्नाला चार.

पुन्हा बेरीज करा. पहिल्या गटात तीन, दोन, तीन : आठ. दुसऱ्या गटात एक. तिसऱ्या गटात एक आणि चार : पाच. एकूण चौदा. सहाचे चौदा झाले, आणि दत्ताभाऊंनी एक थेंबही जास्त घेतलेली नाही.

इथे आणखी एक खाचखळगा आहे. मुलाखत घेताना वेळ वाचवण्यासाठी अशी सोय ठेवलेली आहे की पहिल्या प्रश्नाला ‘कधीच नाही’ आलं, किंवा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची बेरीज शून्य आली, तर मधले सगळे सोडून सरळ नवव्या प्रश्नावर जायचं. दत्ताभाऊ लग्नाकार्याचं बोलले नसते, तर दोन पेग आणि सहा कधीच नाही, अशी शून्याची बेरीज झाली असती. मग सोमवारचा खाडा आणि अपराधीपणा कुणी विचारलाच नसता. म्हणजे मापाची एक चूक काही गुणांवर थांबत नाही, ती पुढचे प्रश्नच बंद करून टाकते. आमच्या तरुण सहकाऱ्यांना आम्ही म्हणूनच सांगतो : ‘किती पेग’ विचारू नका, ‘काय आणता आणि किती दिवस पुरते’ हे विचारा.

पट्टे काय सांगतात

आता पट्ट्यांकडे येऊ. पुस्तिकेत चार पट्टे आहेत आणि प्रत्येकासमोर, दवाखान्यानं काय करावं, ते लिहिलेलं आहे. हे महत्त्वाचं आहे. पट्टा आजाराचं नाव सांगत नाही, पुढची कृती सांगतो.

० ते ७, पहिला पट्टा. कृती : माहिती द्यायची. दारूनं काय होतं, किती म्हणजे जास्त, हे सांगायचं आणि सोडायचं.

८ ते १५, दुसरा पट्टा. धोक्याचं पिणं. कृती : साधा सल्ला. काही मिनिटांचं बोलणं, तुमचे गुण इतके, त्याचा अर्थ असा, कमी करायचं ध्येय असं ठेवा.

१६ ते १९, तिसरा पट्टा. सल्ला हवाच, पण त्याच्या जोडीला थोडं समुपदेशन आणि पुन्हा बोलावून पाठपुरावा. इथे नुकसान सुरू झालेलं असण्याची शक्यता मोठी.

२० ते ४०, चौथा पट्टा. कृती : तज्ज्ञाकडे पाठवायचं, म्हणजे खरोखर व्यसन जडलं आहे का याचं निदान होईल आणि उपचार ठरतील.

‘निदान होईल’ हे शब्द नीट ऐका. वीस आले म्हणजे निदान झालं, असं नाही. व्यसनाचं निदान करताना डॉक्टर आणखी गोष्टी बघतात : तीव्र ओढ, सुटलेला ताबा, बंद केल्यावर होणारा त्रास, पूर्वीइतकी पिऊन न चढणं, बाकीचे छंद-माणसं मागे पडणं, नुकसान कळूनही चालू ठेवणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत या सहांपैकी तीन एका वर्षात असावी लागतात. ऑडिटचे दहा प्रश्न हे सगळं विचारत नाहीत. ऑडिट चाळणी आहे. चाळणीनं वर राहिलेलं धान्य नंतर निवडायचं असतं.

आणि आठ ही रेष आली कुठून? माणूस सातवर सुखरूप आणि आठवर धोक्यात, असं निसर्गात काही नाही. रेष खाली आणली तर धोक्यातले जास्त लोक सापडतात, पण विनाकारण अडकणारेही वाढतात. वर नेली तर उलट. आठवर हा तोल बरा साधला, एवढंच. म्हणून पुस्तिका स्वतःच सांगते की स्त्रियांसाठी आणि पासष्टीच्या पुढच्या पुरुषांसाठी रेष एकानं खाली, सातवर धरावी, कारण तेवढ्याच दारूचा त्यांच्या शरीरावर जास्त परिणाम होतो. मोबाइलवर सात आले म्हणून ‘पास’ समजणाऱ्या आजोबांना हे कुणी सांगत नाही.

सातच्या आतही बघण्यासारखं असतं. एक कॉलेजचा मुलगा घ्या. महिन्यातून एकदाच, पण त्या दिवशी आठ मापं. पहिल्या प्रश्नाला एक, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. बेरीज सहा, पहिला पट्टा. पण त्या रात्री तो बाइकवरून घरी येणार आहे. पुस्तिकेत यासाठी स्पष्ट सूचना आहे : एकूण बेरीज काहीही असो, दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नाला एक गुण जरी मिळाला, तरी पिणं धोक्याच्या पातळीवर आहे असं समजावं.

चौदा आणि चौदा

आता दत्ताभाऊंच्या शेजारी दुसरे एक गृहस्थ बसवू. अण्णा. निवृत्त, वय ६०, एकटे राहतात. रोज घेतात, पहिल्या प्रश्नाला चार. तीन-चार मापं, एक. सहाच्या वर कधीच जात नाहीत, शून्य. पहिल्या गटाचे पाच झाले. सुरू केल्यावर थांबता येत नाही, दर आठवड्याला, तीन. काम राहून जात नाही, कारण काम उरलेलंच नाही, शून्य. सकाळी घ्यावी लागते, दर आठवड्याला, तीन. दुसऱ्या गटाचे सहा. अपराधी वाटतं, दर आठवड्याला, तीन. बाकी सगळं शून्य. एकूण पाच, सहा, तीन : चौदा.

दोघेही चौदा. दोघेही दुसऱ्या पट्ट्यात. कागदाप्रमाणे दोघांनाही ‘साधा सल्ला’. पण दत्ताभाऊंचे गुण पिण्याचे आणि घरच्या काळजीचे आहेत, अण्णांचे ताब्याचे आहेत. चौथ्या ते सहाव्या प्रश्नांत, विशेषतः दर आठवड्याला किंवा रोज असं उत्तर आलं, तर व्यसन सुरू झालं आहे किंवा होऊ घातलं आहे असं धरायचं. सकाळची घ्यावी लागणं याचा अर्थ बहुधा असा की रात्रभरात दारू उतरली आणि शरीर ती मागायला लागलं. अण्णांना आम्ही पाच मिनिटांचा सल्ला देऊन घरी पाठवणार नाही, पुढच्या तपासणीला घेऊ.

अण्णांचा दहावा प्रश्न बघा. शून्य. कुणीच काळजी व्यक्त केली नाही. कारण घरात बोलणारं कुणी नाही. तोच माणूस मुलाकडे राहत असता तर चार गुण वाढून अठरा झाले असते. एकटेपणामुळे गुण कमी येतात, धोका कमी होत नाही. बेरीज बघून झाली की गटांकडे परत बघायचं ते यासाठी.

ही सगळी तजवीज पुस्तिकेच्या कर्त्यांनाही माहीत होती. पट्टे तात्पुरते मार्गदर्शक समजा, रुग्णाची प्रकृती, घराण्यात दारूचा त्रास आहे का, आणि तो किती मोकळेपणानं उत्तरं देतोय, हे बघून डॉक्टरांनी ठरवावं, असं त्यांनीच म्हटलंय.

गोव्यात हा आकडा कसा वापरला

आपल्या शेजारचं एक काम सांगतो. गोव्यात ‘संगात’ या संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या पुरुषांना ऑडिट विचारलं. ज्यांचे गुण १२ ते १९ आले, अशा ३७७ जणांना त्यांनी अभ्यासात घेतलं. आठ नाही, बारा. सल्ल्यापेक्षा जास्त मदत ज्यांना लागेल असे लोक त्यांना हवे होते. वीस आणि वरच्यांना यात घेतलं नाही, कारण त्यांना तज्ज्ञाची गरज. म्हणजे कामाप्रमाणे रेष सरकवता येते, आणि ती का सरकवली ते सांगावं लागतं.

निम्म्या लोकांना नेहमीच्या उपचारांबरोबर समुपदेशन मिळालं. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, या कामासाठी शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी पुन्हा तेच दहा प्रश्न. गुण आठच्या खाली आले तर सुधारणा झाली असं मोजलं. समुपदेशन मिळालेल्यांत असे ३६ टक्के निघाले, न मिळालेल्यांत २६ टक्के. मागच्या चौदा दिवसांत अजिबात न घेतलेले ४२ टक्के, दुसरीकडे १८.

यातून दोन्ही बाजू दिसतात. बोलण्यानं फरक पडतो, आणि चौदा-पंधरा गुण म्हणजे शेवट नव्हे. त्याच वेळी, समुपदेशन मिळूनही तीनपैकी जवळपास दोघे तीन महिन्यांनी आठच्या वरच होते. म्हणून पाठपुरावा.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : आमच्या ह्यांनी दीड वर्षापासून थेंब घेतला नाही. त्यांचे शून्य येणार ना?*

शून्य नाही येणार, ताई. पहिल्या प्रश्नाला ‘कधीच नाही’, शून्य. मग मधले सोडून नववा आणि दहावा. पूर्वी इजा झाली होती, घरचे बोलले होते, पण गेल्या वर्षात नाही, तर दोन आणि दोन, चार गुण. ते चार गुण शिक्षा म्हणून नाहीत. आज पीत नसलेल्या माणसाशीही जपून राहण्याबद्दल बोलता यावं, म्हणून ते ठेवलेत. चार बघून त्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

*प्रश्न : नवरा भरणार नाही म्हणाला तर बायकोनं त्याच्या वतीनं भरली तर चालेल का?*

बेरीज म्हणून नाही चालणार. थांबता आलं का, अपराधी वाटलं का, आठवलं का, हे दुसऱ्याला कसं कळणार? ते प्रश्न ज्याचे त्यानंच द्यायचे. पण बाटल्या किती येतात, सकाळी हात थरथरतात का, पगारातून किती जातात, हे तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त माहीत असतं. ते डॉक्टरांना सांगा. दहा प्रश्नांचा कागद त्याच्या तोंडावर धरू नका. तो कागद मग भांडणाचं कारण होतो आणि पुढच्या वेळी दवाखान्यातही तो खरं सांगत नाही.

*प्रश्न : माझ्या भावाचे सव्वीस आले. आम्ही ठरवलंय, उद्यापासून घरात कोंडून ठेवायचं, एक थेंब द्यायचा नाही. बरोबर ना?*

नाही. हे कृपा करून करू नका. आणि बरं झालं तुम्ही विचारलंत. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दिवसातच हात थरथरणं, घाम, झोप उडणं सुरू होऊ शकतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, वेळ-ठिकाण कळत नाही. यात जीव जाऊ शकतो. ऑडिट हा धोका मोजत नाही. सव्वीसपैकी सगळ्यांनाच हे होईल असं नाही, आणि अण्णांसारखा चौदा गुणांचा माणूसही यात सापडू शकतो. तुम्ही बघायचं ते हे : सकाळी घ्यावी लागते का, एखाद्या दिवशी मिळाली नाही तर हात थरथरतात का, पूर्वी बंद केल्यावर फिट आली होती का. यातलं एकही असेल तर दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवायची. त्यासाठी औषधं आहेत, बी-१ जीवनसत्त्व देतात, आणि बहुतेक जण काही दिवसांत त्या त्रासातून बाहेर येतात.

उद्या कोंडू नका. उद्या त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन जा. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. पण आधीच फिट आली असेल किंवा तो भ्रमात बोलत असेल, तर फोनवर वेळ घालवू नका, सरळ जवळचं रुग्णालय गाठा. जाताना भरलेला कागद बरोबर न्या, आणि तो काय पितो, किती पितो, शेवटची कधी घेतली, हे त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा. तिथल्या डॉक्टरांना सव्वीस या आकड्याइतकंच ते उपयोगी पडेल.